बोलणारी ‘ती’ आहे, हे इटालियनमध्ये कुठे दिसतं?

एखादी स्त्री इंग्रजीत सांगते, की मी दमले होते, घरी परतले आणि जेवले. इंग्रजी वाक्यात तिच्या स्त्रीत्वाची खूण नसते. इटालियनमध्ये अनुवादकाला ती द्यावीच लागते: ‘एरो स्तांका, सोनो तोर्नाता आ कासा’. पुरुष असता तर ‘स्तांको’, ‘तोर्नातो’. जेवण्याचं ‘ओ मांजातो’ मात्र दोघांचंही सारखंच. तिथे सहायक क्रियापद ‘आवेरे’ आहे. संयुक्त भूतकाळात कृदंत कर्त्याचं लिंग घेतं ते ‘एस्सेरे’सोबत. नवखे अनुवादक इथेच सरसकट ‘आ’ लावून ‘मांजाता’ लिहितात. मराठी वाचकाला हा भेद ओळखीचा वाटेल: बाई ‘मी परतले’ म्हणते, पण ‘मी आंबा खाल्ला’ कुणीही म्हणतं. ‘फेलीचे’, म्हणजे आनंदी, अशी एकारान्त विशेषणंही एकवचनात बदलत नाहीत. अनुवाद तपासताना आधी सहायक क्रियापद पाहा, मग शेवटचा स्वर.