पिवळ्या डॉलरचं गणित

यूट्यूब स्टुडिओ उघडला की प्रत्येक व्हिडिओच्या ओळीत डॉलरचं एक छोटं चिन्ह दिसतं. ते हिरवं असलं तर सगळं ठीक. पिवळं झालं की ‘यलो आला’ म्हणून चॅनेलवाल्यांच्या ग्रुपवर बोंबाबोंब सुरू होते. बाहेरच्या प्रेक्षकाला यातलं काहीच कळत नाही. व्हिडिओ जागेवर असतो, व्ह्यूज वाढत असतात, कमेंटमध्ये लोक हिरिरीने भांडत असतात आणि महिनाअखेरीस त्या व्हिडिओच्या नावावर जेमतेम चहा-नाश्त्याचे पैसे जमा होतात.

हे कसं होतं ते समजायला यूट्यूबच्या दोन नियमावल्या वेगळ्या धराव्या लागतात. पहिली कम्युनिटी गाइडलाइन्सची. व्हिडिओ साइटवर राहील की जाईल, हे ती ठरवते. ती मोडली तर व्हिडिओ काढतात, स्ट्राइक देतात आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. दुसरी नियमावली जाहिरातदारांच्या सोयीची. तिच्यात शिवीगाळ, हिंसा, अंमली पदार्थ, लैंगिक विषय, वादग्रस्त विषय, ताज्या दुर्घटना असे कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात कशावर पूर्ण जाहिराती, कशावर मर्यादित आणि कशावर अजिबात नाहीत, हे उदाहरणांसह दिलेलं असतं. पिवळं चिन्ह या दुसऱ्या वहीतलं. त्याने स्ट्राइक लागत नाही, गुन्हाही नोंदला जात नाही.

जाहिराती कापणं २०१६च्या आधीही चालायचं, फक्त चॅनेलवाल्यांना त्याचा पत्ता नीट लागत नसे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सूचना ठळकपणे दिसू लागल्या आणि मोठा गहजब झाला. नियम तेच आहेत, आम्ही फक्त कळवू लागलो, असं कंपनीचं म्हणणं होतं. खरा दणका २०१७मध्ये बसला. अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवर नामांकित ब्रँडच्या जाहिराती झळकत असल्याचं लंडनच्या ‘द टाइम्स’ने छापलं. ब्रिटिश सरकार, ‘गार्डियन’ आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या एटी अँड टी, व्हेरायझनसारख्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्याच वर्षी पिवळं चिन्ह आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. पिवळ्या व्हिडिओचे अमुक टक्के कापायचे, असा दर कुठेही ठरलेला नाही. यूट्यूबवर जाहिरातीची जागा लिलावाने जाते. जाहिरात देतानाच कंपनीला आपली जाहिरात किती संवेदनशील मजकुराशेजारी चालेल, हे निवडावं लागतं. तीन पर्याय असतात. एक बहुतेक सगळ्या मजकुरावर, दुसरा सर्वसाधारण आणि तिसरा अगदी सोवळा. वर विषय आणि शब्दही वगळता येतात. पिवळ्या व्हिडिओच्या लिलावात यामुळे बोली लावणारेच फार थोडे उरतात. बरेचदा जाहिरात लागतच नाही. लागली तर स्पर्धा नसल्यामुळे स्वस्तात जाते. फटका असा दोन्हीकडून बसतो.

आकड्यांत पाहू. आकडे कल्पित आहेत, हिशेबाची रीत खरी. समजा, यवतमाळच्या एका पत्रकाराच्या चॅनेलवर कर्जबाजारी शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचा व्हिडिओ आला आणि त्याला एक लाख व्ह्यूज मिळाले. चिन्ह हिरवं असताना यातल्या ४०,००० वेळा जाहिरात दिसली आणि जाहिरातदारांनी हजारामागे १५० रुपये मोजले, तर ६,००० रुपये झाले. नेहमीच्या व्हिडिओंवर चॅनेलचा वाटा ५५ टक्के, म्हणजे ३,३०० रुपये. तोच व्हिडिओ पिवळा असेल तर जाहिरात ५,००० वेळाच लागली आणि दर ८० रुपयांवर घसरला, असं धरू. जमा झाले ४०० रुपये, हातात २२०. प्रेक्षक तेवढेच, मेहनत तेवढीच. पैसे देऊन जाहिरातीविना यूट्यूब पाहणाऱ्या प्रीमियम सभासदांच्या वर्गणीतला वाटा मात्र पिवळ्या व्हिडिओलाही मिळतो, म्हणून आकडा अगदी शून्यावर सहसा येत नाही.

या व्हिडिओला पिवळं का येतं? शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि खुद्द चित्रफीत असं सगळं आधी यंत्रणा तपासते. गळफासाचा दोर थंबनेलवर असेल, प्रेताचा फोटो धूसर न करता दाखवला असेल, तर आतली मांडणी कितीही संयत असली तरी अडचण होते. विषयच मुळात वर्ज्य होता, अशीही बरीच वर्षं गेली. आत्महत्येवर बोलायचं म्हटलं की पिवळ्याची तयारी ठेवूनच बोलायचं. जानेवारी २०२६मध्ये हा कप्पा सैल झाला. आत्महत्या, घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार यांवर अंगावर येणारी वर्णनं व दृश्यं टाळून केलेल्या व्हिडिओंना पूर्ण जाहिराती मिळू शकतात. बालकांवरचे अत्याचार मात्र या सवलतीत नाहीत. शिव्यांचंही असंच. २०२२च्या अखेरीस सुरुवातीच्या काही सेकंदांतल्या शिवीवर कात्री आली, २०२३मध्ये ती ढिली झाली आणि जुलै २०२५पासून पहिल्या सात सेकंदांतली कडक शिवीही चालते. शीर्षकात किंवा थंबनेलवर ती आजही चालत नाही. मला यात नीतीपेक्षा बाजाराचा हिशेब जास्त दिसतो. जाहिरातदार किती बिचकतो, त्यावर नियम सरकतो.

पत्रकाराने करायचं काय? व्हिडिओ आधी खाजगी ठेवून चढवायचा. त्याच वेळी शिवी आहे का, हिंसा आहे का, अशी प्रश्नावली भरावी लागते. ती खरी भरावी, कारण उत्तरं सातत्याने बरोबर निघाली तर यंत्रणा पुढे चॅनेलच्या शब्दावर अधिक विसंबते. तपासणीत पिवळं आलं तर प्रसिद्ध करण्यापूर्वीच थंबनेल बदलता येतं, खटकणारा तुकडा कापता येतो. मग फेरतपासणी मागायची. ती माणूस करतो, तिला सात दिवसांपर्यंत लागू शकतात आणि तिचा निकाल अंतिम असतो. म्हणून दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. व्हिडिओ काढून तोच पुन्हा चढवल्याने काही साधत नाही.

बातमीच्या व्हिडिओचं दुखणं इथेच आहे. त्याचे बहुतेक प्रेक्षक पहिल्या दोन दिवसांत येऊन जातात. पाचव्या दिवशी चिन्ह हिरवं झालं तरी जाहिराती तिथून पुढे लागतात, आणि तोवर गर्दी ओसरलेली असते. इतिहासावरचा किंवा पाककृतीचा व्हिडिओ आठवडाभर थांबू शकतो. बातमीला ती चैन परवडत नाही.

कमाई पडली की खापर पिवळ्यावरच फोडायची सवय लागते, तीही बरोबर नाही. ॲनालिटिक्समध्ये दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एक, जाहिरात दाखवली गेली असे प्लेबॅक किती आणि दुसरा, जाहिरातदाराने हजारामागे मोजलेला दर. व्ह्यूज टिकून असताना प्लेबॅक कोसळले असतील, तर एखाद्या चालत्या व्हिडिओचं चिन्ह बदललेलं सापडण्याची शक्यता मोठी. प्लेबॅक जागेवर आणि नुसता दर उतरला असेल, तर कॅलेंडर पाहावं. सणासुदीचं आणि वर्षअखेरीचं बजेट संपल्यावर जानेवारीत दर उतरतात, हिरव्या व्हिडिओंचेसुद्धा. त्यावर फेरतपासणीचा अर्ज करून उपयोग होत नाही.