अल देन्ते आणि सुगो : इटालियन मेनूतील दोन शब्द

उत्तर इटलीतील विचेन्त्सा हे शहर सोन्याच्या दागिन्यांच्या व्यापारासाठी ओळखले जाते. तेथे जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये दागिन्यांचे मोठे प्रदर्शन भरते. भारतातील सराफ आणि हिरे व्यापारी त्यासाठी तेथे जातात, आणि त्यांतील जैन मंडळींपुढे दिवसातून दोनदा एक लहानसा पण टाळता न येणारा प्रश्न उभा राहतो. समोरच्या मेनूकार्डावरील कोणता पदार्थ आपल्याला चालेल? ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द उच्चारला की काम भागते, अशी अनेकांची समजूत असते. पण तेवढ्याने कांदा सुटत नाही, लसूण सुटत नाही आणि चीजमधील रेनेट तर मुळीच सुटत नाही. त्यापेक्षा दोन इटालियन शब्द नीट समजून घेतलेले अधिक उपयोगी पडतात. एक शब्द शिजण्याविषयी आहे, दुसरा पातेल्यात काय आहे याविषयी.

‘अल देन्ते’ याचा शब्दशः अर्थ ‘दाताला’. पास्ता चावताना दाताला किंचित प्रतिकार जाणवला पाहिजे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. आपल्याकडील अनेकांना हा पास्ता कच्चा वाटतो आणि ताटली परत पाठवली जाते. वास्तविक तो कच्चा नसतो. इटलीतील सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. हा गहू महाराष्ट्राला परका नाही. आपल्याकडचा शेवया आणि रव्यासाठीचा बन्सी गहू त्याच जातीचा. त्यातील चिवट प्रथिनांची जाळी पिठूळ अंश धरून ठेवते, म्हणून तो बाहेरून मऊ झाला तरी आतून ताठ राहतो. मैद्याच्या पास्त्यात ही जाळी दुबळी असते. तो अल देन्ते या टप्प्यावर थांबतच नाही. कच्चेपणातून थेट लगद्याकडे जातो. तेव्हा घरी प्रयोग फसला, तर स्वयंपाक करणारीला दोष देण्यापूर्वी पाकिटावर कोणता गहू लिहिला आहे ते पाहावे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पाकिटावर दहा मिनिटे लिहिली असतील, तर आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून मधोमध कापावा. आत पांढरा ठिपका स्पष्ट दिसला तर थोडा अवकाश आहे. तो केसाएवढा बारीक उरला की अल देन्ते. मात्र पास्ता पुढे रसात परतायचा असेल, तर ठिपका दिसत असतानाच उपसावा, कारण राहिलेले शिजणे कढईत होते. उपसल्यावर थंड पाण्याखाली धुण्याची आपल्याकडची सवय येथे घातक ठरते. अंगावरचा पिठूळ थर निघून जातो आणि रस पास्त्याला न चिकटता ताटलीच्या तळाशी साचतो. उपाहारगृहात अधिक मऊ पास्ता हवा असल्यास, विशेषतः वृद्धांसाठी, ‘बेन कोत्ता’ असे आधीच सांगावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

दुसरा शब्द ‘सुगो’, आणि खरी मेख तेथेच आहे. सुगो म्हणजे पास्त्याला लावायचा शिजवलेला रस. नुसते ‘अल सुगो’ लिहिले असेल तर बहुधा टोमॅटोचा रस समजावा, पण मांसाच्या रसालाही सुगोच म्हणतात. ‘रागू’ लिहिले असेल तर मांस जवळजवळ निश्चित. बोलोन्याच्या रागूची पाककृती तर १९८२ साली तेथील चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली आहे. व्यापाऱ्यांच्या संस्थेत स्वयंपाकाची नोंद व्हावी, हे इटलीतच शोभते. ‘साल्सा’ हा शब्द निरुपद्रवी भासतो, परंतु विचेन्त्सा ज्या वेनेतो प्रांतात आहे, तेथील ‘बीगोली इन साल्सा’ या जाड शेवयांच्या पदार्थात साल्सा म्हणजे कांदा आणि खारवलेले लहान मासे.

टोमॅटोच्या सुगोतही बहुतेकदा आरंभ ‘सोफ्रित्तो’ने होतो. बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी तेलात मंद परतून तो आधार तयार करतात. काही घरांत त्याऐवजी लसणाची पाकळी तेलात टाकून नंतर काढून घेतात. ताटात ती दिसत नाही, पण तेलात ती असतेच. शिवाय सुगो सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवलेला असतो. त्यामुळे दुपारी ‘सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला’, म्हणजे लसूण आणि कांदा नको, असे कितीही नम्रपणे सांगितले, तरी वाढणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. पातेल्यात विरघळलेला कांदा काढता येत नाही. म्हणून आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ‘इल सुगो ए ज्या प्रोन्तो?’ सुगो तयार आहे का? उत्तर ‘सी’, म्हणजे होय, असे आले तर तो पदार्थ सोडावा. ताजे टोमॅटो मागणीनंतर कढईत घालणार असतील, तरच कांदा-लसूण वगळण्याची विनंती सार्थ ठरते.

समजा, चौघांचे कुटुंब दुपारी साडेबाराला जेवायला बसले आहे. (हीच वेळ बरी, संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी चूल सातनंतर पेटते, आणि जानेवारीत तोवर सूर्यास्त होऊन बराच वेळ गेलेला असतो.) मेनूवर चार नावे आहेत. ‘तालियातेल्ले अल रागू’ मांसामुळे बाद. त्या पट्ट्यांच्या पिठातही बहुधा अंडे असते. ‘पेन्ने आल्लाराब्याता’ तिखट म्हणून आवडेल, पण लसूण हा तिचा पायाच आहे. ‘न्योक्की’ बटाट्याचे. उरली ‘स्पागेत्ती अल पोमोदोरो’. सुगो तयार असल्याचे कळले, तर तीच स्पागेत्ती ‘इन ब्यांको’ मागावी, म्हणजे रसाविना, केवळ ऑलिव्ह तेलात किंवा लोण्यात. सुका पास्ता साधारणतः रवा आणि पाणी यांचाच असतो, तरी ‘सेन्त्सा उओवो’, अंड्याविना, असे विचारून घ्यावे. शेवटी ‘सेन्त्सा फोर्माज्ज्यो’, चीज नको, हे सांगणे महत्त्वाचे. पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेटनेच बनते. त्याचा शाकाहारी प्रकार असूच शकत नाही. दुकानातून दुसरे एखादे चीज घ्यायचे झाल्यास वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’, वनस्पतिजन्य रेनेट, हे शब्द शोधावेत.

घरी मात्र सुगोला मुकण्याचे कारण नाही. चौघांसाठी ३२० ग्रॅम पास्ता आणि ७०० ग्रॅम लालबुंद, मांसल टोमॅटो घ्यावेत. गरम पाण्यात बुडवून साल काढावी आणि बिया टाकाव्यात. आंबटपणा बराचसा बियांभोवतीच्या रसात असतो. तीन चमचे ऑलिव्ह तेलात सेलरीचा एक दांडा अगदी बारीक चिरून मंद आचेवर दहा मिनिटे परतावा. कांद्याचा गोडवा येथे थोडा भरून निघतो; हिंगाने तो निघत नाही, हिंग घातल्यास आमटीचा वास मात्र येतो. मग टोमॅटो, मीठ आणि चिमूटभर साखर घालून झाकण न ठेवता पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. कडेने तेल सुटले आणि पळी ओढल्यावर तळाशी रेघ क्षणभर टिकली, की सुगो झाला. पास्त्यासाठी तीन लिटर पाण्यात सुमारे तीस ग्रॅम मीठ घालावे. पास्ता दोन मिनिटे आधी उपसून सुगोत टाकावा, त्याच्याच पाण्याची एक पळी ओतावी आणि मोठ्या आचेवर हलवावे. पाणी आटून रस पास्त्याला लपेटला की तुळशीच्या कुळातली इटालियन बेसिलची पाने हाताने तोडून घालावीत आणि लगेच वाढावे. पाच मिनिटे थांबले, तरी अल देन्तेपण निघून जाते.