‘जुनी आवृत्ती परत टाकू’

सॉफ्टवेअरमधला बदल लाइव्ह करण्याआधी मोठ्या कंपन्यांत एक बैठक होते. तिला चेंज ॲडव्हायझरी बोर्ड किंवा नुसतंच ‘कॅब’ म्हणतात. बैठकीच्या इतिवृत्तात प्रत्येक बदलापुढे तीन गोष्टी येतात: जोखीम किती, बिघडलं तर मागे कसं फिरायचं म्हणजेच रोलबॅक, आणि मंजुरी कोणत्या अटींवर. रोलबॅकपुढे अनेकदा एकच वाक्य सापडतं: ‘जुनी आवृत्ती परत टाकू.’ मला या वाक्याची धास्ती वाटते, ती नाइट कॅपिटलमुळे.

ही अमेरिकेतली शेअर दलाली करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजाराची नवी योजना सुरू होणार होती, म्हणून तिने आपल्या सर्व्हरवर आधीच नवा कोड चढवला. सर्व्हर होते आठ. कोड पोचला सातांवर. नव्या कोडला चालू करण्यासाठी ठरवलेला फ्लॅग, म्हणजे ऑर्डरसोबत येणारी खूण, जुनीच होती. पूर्वी तिच्यावर ‘पॉवर पेग’ नावाची सोय चालू होई. २००३ पासून ती वापरात नव्हती, पण कोड तसाच पडून होता.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. मागणी पूर्ण झाली की थांबवणारी मोजणी २००५ मध्येच दुसरीकडे हलवली गेली होती, त्यामुळे तो सौदे पाठवतच राहिला. गोंधळात तंत्रज्ञांनी रोलबॅक केला: नीट चाललेल्या सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला. खूण मात्र येतच होती. आता पॉवर पेग त्यांच्यावरही सुरू झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

कोड चढवल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने तो तपासावा, असा लेखी नियमच तिथे नव्हता, हे अमेरिकी बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात नोंदलेलं आहे. बाजार उघडण्यापूर्वी पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ स्वयंचलित ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते, हेही.

या बदलाचं इतिवृत्त मला लिहायचं असतं, तर जोखीम ‘उच्च’ ठेवली असती आणि कारणही लिहिलं असतं: जुनी खूण नव्या कामाला, जुना कोड अजून जागेवर. रोलबॅकमध्ये क्रम दिला असता: आधी ती खूण असलेल्या ऑर्डर थांबवा, मगच कोडला हात लावा, थांबवण्याचा अधिकार कुणाला, तेही नावानिशी. अटी दोनच. आठही सर्व्हरवरची आवृत्ती दुसऱ्या माणसाने पाहून सही करावी. आणि बाजार उघडण्याआधी पॉवर पेगचा एकही ईमेल आला, तर त्या दिवशी नवा कोड चालू करायचा नाही.