एका शाईचा काळा, चार शायांचा काळा

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ पूर्ण काळं, त्यावर अंकाचं नाव सोनेरी रंगात आणि तळाशी पांढऱ्या बारीक अक्षरांत लेखकांची नावं, असा बेत पुष्कळ संपादकांच्या मनात येतो. छापून आल्यावर मात्र दोनपैकी एक तक्रार ठरलेली असते. एक तर काळा हवा तेवढा गडद उतरत नाही, करडट दिसतो. नाही तर काळा झकास उतरतो, पण लेखकांची नावं धड वाचता येत नाहीत. अक्षरांच्या कडेला निळसर किंवा गुलाबी झाक दिसते. दोन्ही वेळा बोल छापखान्याला लागतो. प्रत्यक्षात गडबड बहुतेक वेळा फाइलमध्येच होऊन बसलेली असते, कारण हा काळा एका शाईचा करायचा की चार शायांचा, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

रंगीत ऑफसेट छपाईत सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार शाया असतात. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, आणि कागद या चारही शायांखालून एकापाठोपाठ एक जातो. फाइलमध्ये रंगाची नोंद या चार शायांच्या टक्केवारीत होते. C0 M0 Y0 K100 म्हणजे फक्त काळी शाई, बाकीच्या तीन प्लेटा त्या जागी कोऱ्या. छापखान्यात याला ‘के हंड्रेड’ म्हणतात. C60 M40 Y40 K100 म्हणजे काळी शाई पूर्ण, शिवाय तिच्या जोडीला बाकी तिन्ही शाया थोड्या थोड्या. हा रिच ब्लॅक.

काळ्या शाईला मदतनीस का लागावेत? ऑफसेटमध्ये वाळलेल्या शाईचा थर जेमतेम एक मायक्रॉनचा असतो. पांढऱ्याशुभ्र आर्ट पेपरवर एवढ्या पातळ थरातून थोडा प्रकाश परततोच, शिवाय मोठ्या पट्ट्यात थर सगळीकडे सारखा बसत नाही. मध्ये सुईच्या टोकाएवढ्या पांढऱ्या जागा राहतात. भिंतीला रंगाचा एकच हात दिल्यावर खालचा चुना जाणवत राहतो, तसाच हा प्रकार. सायन, मॅजेंटा आणि यलोची जोड मिळाली की त्या जागा झाकल्या जातात, परतणारा प्रकाश आणखी शोषला जातो आणि काळा खोल दिसू लागतो. सायन बाकी दोघींपेक्षा जास्त ठेवतात, कारण तिन्ही सारख्या घेतल्या तर काळ्याला तपकिरी छटा येते.

मग सगळीकडे रिच ब्लॅकच का वापरू नये? कारण अक्षराला गडदपणापेक्षा धारदार कड जास्त महत्त्वाची असते. आठ पॉइंटाचा देवनागरी मजकूर घ्या. आठ पॉइंट म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर, आणि एवढ्यात अक्षर, वरची वेलांटी, खालचा उकार, रफार, अनुस्वार सगळं बसवायचं. शिरोरेषेची जाडी पाव मिलिमीटरही भरत नाही. हे अक्षर चार प्लेटांवर विभागलं तर चारही ठसे अचूक एकावर एक बसायला हवेत. चांगल्या मशिनवरही दहाव्या हिश्शाएवढा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. छायाचित्रात ते कळतही नाही. शिरोरेषेच्या बाबतीत मात्र ती सरक तिच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास जाते, आणि रेषेखाली निळी किंवा गुलाबी सावली उभी राहते. अनुस्वार तर दोन ठिपक्यांसारखा दिसायला लागतो.

दुसरं कारण कमी लक्षात येतं. ऑफसेटला फिकी शाई लावता येत नाही. साठ टक्के सायन म्हणजे सायनचे बारीक ठिपके, मध्ये मोकळी जागा. म्हणजे अक्षराची कड तीन शायांच्या बाबतीत ठिपक्यांची, करवतीसारखी. के हंड्रेडमध्ये ठिपके नसतातच; शंभर टक्के शाई सलग बसते आणि कड प्लेटवर असते तितकी स्वच्छ उतरते. बारीक अक्षरांत एका शाईचा काळा करडटही वाटत नाही, कारण भोवती पांढरा कागद असतो आणि त्याच्या शेजारी डोळ्याला तो पुरेसा काळा दिसतो. तेव्हा मजकुराला के हंड्रेड आणि मोठ्या पट्ट्याला रिच ब्लॅक, इथवर कुणाचा वाद नाही.

खरी अडचण आपल्या मुखपृष्ठावर येते, कारण तिथे बारीक अक्षर आणि मोठा काळा पट्टा एकाच जागी आहेत. लेखकांची पांढरी नावं म्हणजे तिथे शाईच नाही. चारही प्लेटांवर त्या अक्षरांच्या आकाराच्या खिडक्या सोडलेल्या असतात आणि त्यांतून कागद दिसतो. सायनची प्लेट किंचित डावीकडे सरकली, तर अक्षराच्या उजव्या कडेने निळी शाई पांढऱ्यात शिरते. डावीकडे काही बिघडलेलं दिसत नाही, कारण तिथे काळी शाई आहेच. म्हणून रजिस्टर हललेलं मुखपृष्ठ भिंगाखाली धरलं की प्रत्येक अक्षराच्या एकाच अंगाला रंगीत कड दिसते. तिन्ही शाया तीन दिशांना सरकल्या तर ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरकही बुजतो. दिवाळी अंकांची छपाई पावसाळा सरता सरता होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. दमट हवेत कागद ओल धरतो, त्याच्या कडा लाटांसारख्या होतात, आणि असा कागद मशिनवर ताणला गेला की रजिस्टर राखणं मशिनमनला जड जातं.

यावर एक चांगला उपाय आहे. पांढऱ्या अक्षरांभोवती फक्त के हंड्रेडची बारीक किनार द्यायची आणि बाकीच्या तीन शाया त्या किनारीच्या बाहेर थांबवायच्या. अक्षराची कड मग एकट्या काळ्या प्लेटवर ठरते. सायन-मॅजेंटा थोड्या हलल्या तरी किनारीखालीच राहतात. इनडिझाइनमध्ये नावांना कागदाचा पांढरा रंग आणि बाहेरच्या बाजूला अर्ध्या पॉइंटाची किनार द्यावी. अर्धा पॉइंट म्हणजे ०.१८ मिलिमीटर, नेहमीची सरक पचवायला पुरेसा. किनारीपुरता काळा एका शाईचा राहतो, पण एवढ्या अरुंद पट्टीत ते हातात अंक घेऊन वाचणाऱ्याला कळत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. इनडिझाइनमधला तयार [Black] हा रंग मुळातच ओव्हरप्रिंट होतो, म्हणजे खालच्या रंगाला जागा न करता त्याच्यावर छापला जातो. रंगीत पट्ट्यावरच्या काळ्या मजकुराला हे फार सोयीचं, कारण प्लेट हलली तरी अक्षराभोवती पांढरी फट पडत नाही. पण आपल्या किनारीला तोच रंग दिला तर तिच्याखाली सायन, मॅजेंटा, यलो तशाच राहतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. तेव्हा K100 चा नवा रंग स्वतः तयार करावा आणि किनारीला तो द्यावा. एवढं करूनही नावं नऊ-दहा पॉइंटांखाली नेऊ नयेत आणि बारीक वळणाऐवजी मध्यम किंवा ठळक फॉन्ट घ्यावा. काळी शाईदेखील कडेने किंचित पसरते आणि पांढरी रेषा फाइलमधल्यापेक्षा बारीकच छापली जाते.

काळा आणखी गडद करण्याच्या नादात चारही आकडे शंभरवर नेणारे भेटतात. रंगांच्या यादीतला Registration हा रंग तसाच असतो. तो कटिंग आणि जुळणीच्या खुणांसाठी आहे, पट्टे भरण्यासाठी नाही. चारशे टक्के शाई कागद पचवू शकत नाही. ती वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतात, कधी कागद एकमेकांना चिकटून बसतात. आर्ट पेपरवर चार टक्केवाऱ्यांची बेरीज साधारण तीनशेच्या आत ठेवतात. आपल्या C60 M40 Y40 K100 ची बेरीज दोनशे चाळीस होते, म्हणजे काळा खोल आणि वाळण्याची धास्ती नाही.

मलपृष्ठावर सराफाची जाहिरात असली तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. काळ्या मखमलीवरच्या हाराचं छायाचित्र फोटोशॉपमधून येतं. आरजीबीतला पूर्ण काळा जुन्या अमेरिकन प्रोफाइलने बदलला की त्याचे आकडे C75 M68 Y67 K90 असे होतात. हे छायाचित्र के हंड्रेडच्या पार्श्वभूमीवर ठेवलं तर छापून आल्यावर हाराभोवती गडद चौकोन लख्ख दिसतो. पार्श्वभूमीला छायाचित्राच्या कडेचेच आकडे दिले की चौकोन नाहीसा होतो. याच कारणाने फोटोशॉपमध्ये टाइप केलेला किंवा वर्डमधून थेट पीडीएफ केलेला मजकूर धोक्याचा. तिथला काळा बहुधा आरजीबी असतो आणि बदलताना नकळत चार शायांचा होतो. मजकूर पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून त्याला के हंड्रेड द्यावा, हेच बरं.

हे सगळं डोळ्यांनी पकडता येत नाही. इनडिझाइनच्या Appearance of Black या सेटिंगमध्ये मुळात सगळे काळे रिच ब्लॅकसारखे दाखवण्याचा पर्याय निवडलेला असतो, त्यामुळे स्क्रीनवर दोन्ही काळे सारखेच दिसतात. तो बदलून Display All Blacks Accurately करावा. मग के हंड्रेड गडद करडा दिसेल, आणि तेच खरं आहे. पीडीएफ तयार झाल्यावर अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये Output Preview उघडून Black ची खूण काढावी. मजकुराची पानं पूर्ण कोरी झाली पाहिजेत. कुठे फिकट अक्षरं उरली तर तो मजकूर चार शायांचा आहे. मुखपृष्ठावर मात्र फिकट राखाडी-निळसर पट्टा उरायला हवा आणि लेखकांची नावं त्यात थोडी जाड, किनारीसकट पांढरी दिसायला हवीत. ती जाड दिसत नसतील तर किनार ओव्हरप्रिंट झालेली आहे. तिथेच Total Area Coverage ची मर्यादा तीनशेवर ठेवली की शाई जास्त झालेल्या जागा वेगळ्या रंगात उठून दिसतात.

आकडे कागदाप्रमाणे बदलतात. तीच जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची असेल तर न्यूजप्रिंट शाई पितो, कागद वेगाने पळतो आणि रजिस्टर सैल असतं. तिथे बेरीज दोनशे चाळीसच्या खाली ठेवावी आणि बारीक पांढरी अक्षरं शक्यतो टाळावीत. अंकाची आतली पानं मॅपलिथोवर एकाच रंगात निघत असतील तर तिथे प्लेट एकच, त्यामुळे रिच ब्लॅकचा प्रश्नच येत नाही. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन होणार असेल तर कितीही रिच काळा थोडा फिका पडतो आणि त्यावर ओरखडे, बोटांचे ठसेही उठतात. ग्लॉसमध्ये तोच काळा खोल दिसतो. पाचपन्नास प्रती डिजिटल मशिनवर काढायच्या असतील तर ते मशिन काळ्याचे आकडे आपल्या पद्धतीने बदलू शकतं. तिथे एक प्रत काढून भिंगाखाली पाहावी आणि मगच पुढच्या प्रतींना हात घालावा.