मीटरवर दिसतात तेवढेच किलोमीटर

मागच्या महिन्यात प्रभाग संघाच्या बैठकीत दोन-तीन गटांतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुमचा गट त्या जुन्या गाड्यांच्या दुकानाचं नेमकं काय काम करतो? पापड लाटणाऱ्या बायकांना गाड्यांतलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला आम्हाला काहीच कळत नव्हतं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून आज तेच सांगते.

काम असं आहे. तालुक्याच्या गावी जुन्या गाड्या घेऊन विकणारं एक दुकान आहे. आवारात बारा-पंधरा गाड्या उभ्या असतात. दर आठवड्याला त्यांतल्या काही जातात, काही नव्या येतात. प्रत्येक गाडीची माहिती चार-सहा ओळींत लिहून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर आणि दुकानाच्या फेसबुक पेजवर टाकायची असते. मालकांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, व्यवहार छान येतो पण लिहायचा कंटाळा. गाडीमागे साठ रुपये ठरले आणि आमच्या गटातल्या दोघींनी मोबाईल हातात घेतला.

पहिला महिना आम्ही घरी बसूनच लिहिलं. दादा फोनवर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. "एकदम टकाटक, शोरूम कंडिशन, पहिला मालक, इन्शुरन्स चालू, भाड्याला लावायला एक नंबर." वाचायला झकास. एका वॅगन-आरचं असंच लिहिलं. ते वाचून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावातून एक कुटुंब जीप करून आलं. बाई बचत गटातलीच. गटाकडून कर्ज उचलून आलेली, मुलाला गाडी भाड्याने चालवायला द्यायची होती. आरसी बघितली तर मालक दुसरा. इन्शुरन्स होता, पण फक्त थर्ड पार्टी. आणि पाटी पांढरी! पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, त्याला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. ती बाई मला एवढंच म्हणाली, "ताई, कर्जाचं व्याज कालपासून सुरू झालंय." दादांची चूक होती की आमची, यावर खल करण्यात अर्थ नव्हता. लिहिलं आम्ही होतं.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. कागद हातात घेतल्याशिवाय आणि गाडीला हात लावल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. आता सोमवारी सकाळी आम्ही आवारातच जातो.

आधी कागद. आरसीच्या कार्डावर मालकाचा क्रमांक छापलेला असतो. तिथे दोन असेल तर आपण "दुसरा मालक" लिहायचं, मग कोणी काहीही सांगो. त्याच कार्डावर गाडी बनल्याचा महिना-वर्ष आणि पासिंगची तारीख अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये पासिंग झाली तर कागदावर ती एका वर्षाने तरुण दिसते, म्हणून आम्ही दोन्ही लिहितो. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं, त्यामुळे कधीपर्यंत चालेल तेही लिहून टाकायचं. कार्डावर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळून तो उतरल्याशिवाय "कागद क्लिअर" हा शब्द वापरायचा नाही.

इन्शुरन्सच्या बाबतीत "चालू आहे" हे अर्धंच वाक्य आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर "लायबिलिटी ओन्ली" असं असेल तर तो थर्ड पार्टी. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी भरेल, आपल्या गाडीचा चेंदा झाला तर आपणच भरायचं. घेणाऱ्याच्या दृष्टीने यात हजारोंचा फरक पडतो. आणि जुन्या मालकाने क्लेम न घेतल्यामुळे मिळालेली सवलत, नो क्लेम बोनस, गाडीबरोबर येत नाही. ती मालकाची असते. "बोनससह इन्शुरन्स" असं आम्ही एकदा लिहून बसलो होतो.

मग गाडी. रंग कुठे दिला आहे ते ओळखायला आमच्यातल्या एकीला आता मेस्त्रीइतकं कळतं. उन्हात तिरकं उभं राहून दाराकडे बघायचं. आरशासारखं सरळ दिसलं पाहिजे. एका दाराची चमक वेगळी किंवा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर तिथे काम झालंय. दाराच्या कडेचं रबर बोटाने उचलून बघायचं, खाली रंगाची रेघ सापडते. बोनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर बोनेट कधीतरी उतरवलेलं आहे. एवढं बघून आम्ही फक्त "डाव्या मागच्या दाराला रंग दिलेला आहे" असं लिहितो. "ॲक्सिडेंट नाही" असं कधीच लिहीत नाही, कारण ते आम्हाला कसं ठाऊक असणार? जे दिसलं तेवढंच आपलं.

किलोमीटरचंही तसंच. मीटर मागे फिरवता येतं हे सगळ्यांना माहीत आहे. मीटरवर चाळीस हजार आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग हाताने घासून चकचकीत, असं दिसलं की शंका घ्यायची आणि सर्व्हिसचं पुस्तक मागायचं. पुस्तकात दोन वर्षांपूर्वीच पंचावन्न हजारांची नोंद असली की सगळं उघड होतं. म्हणून आमचं वाक्य ठरलेलं आहे. "गाडी इतकी चालली" असं लिहायचं नाही, "मीटरवर इतके किलोमीटर" असं लिहायचं. सर्व्हिसच्या नोंदी जुळल्या तर "सर्व्हिस बुकाशी जुळतात" हे पुढे जोडायचं. हे तीन शब्द असले की फोन करणारा दुसरा प्रश्नच विचारत नाही.

आता तीच वॅगन-आर. पुन्हा कागद बघून, उन्हात फिरून आम्ही ती नव्याने लिहिली, ती अशी:

"वॅगन-आर, पेट्रोल-सीएनजी, मार्च २०१६ पासिंग, दुसरा मालक. किंमत २ लाख ९० हजार, बैठकीत थोडं कमी-जास्त होईल. मीटरवर ८२ हजार किमी, सर्व्हिस बुकाशी जुळतात. बनावट डिसेंबर २०१५, पासिंग मार्च २०३१पर्यंत. सीएनजी कंपनीचाच, आरसीवर नोंद आहे, सिलिंडरची चाचणी मे २०२५ला झाली, पुढची मे २०२८ला. इन्शुरन्स थर्ड पार्टी, नोव्हेंबरपर्यंत. बोजा नाही. पुढचे टायर नवीन, मागचे दोन बदलावे लागतील. डाव्या मागच्या दाराला रंग दिलेला आहे. डिकीत सिलिंडर असल्याने सामानाला जागा कमी. पांढरी पाटी, घरच्या वापराची गाडी. गाडी क्र. ७. ही माहिती सोमवारी गाडी बघून लिहिली आहे."

यात सगळ्यात आधी गाडी, इंधन, पासिंग, मालक आणि किंमत का, तर व्हॉट्सॲपवर लांब मजकूर मधेच तुटतो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. निम्मे लोक लावत नाहीत. किंमत लपवून "फोन करा" लिहिलं की फोन भरपूर येतात, पण सगळे एकच प्रश्न विचारतात आणि दादांचा दिवस त्यातच जातो. सीएनजीची ओळ लांब आहे, पण तीही ठेवायची. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, आणि बाहेरून बसवलेला सीएनजी आरसीवर चढवलेला नसेल तर पुढे इन्शुरन्सच्या वेळी भांडण होतं. डिकीची ओळ मात्र आमच्या गटातल्या ताईंनी घालायला लावली. त्या म्हणाल्या, "बाजारात जाणाऱ्या बाईला आधी हेच विचारायचं असतं, पोतं मावेल का?"

दादा हे वाचून नाराज झाले. "टायर बदलावे लागतील असं कोण लिहितं? गिऱ्हाईक येईल का?" आम्ही म्हटलं, टायर तो आल्यावर बघणारच आहे, जीपचं भाडं घालून येण्याआधी कळलेलं बरं. त्यांना ते लगेच पटलं नाही. मग एक आठवडा तसंच टाकून बघायचं ठरलं. फोन कमी आले हे खरं. पण जे आले त्यांनी टायरचा खर्च मनात धरूनच बोलणी केली, आणि ती गाडी एका शिक्षिकेने शाळेला जायला-यायला घेतली.

सगळंच पटवता येतं असं नाही. एका गाडीचं मीटर आणि सर्व्हिस बुक जुळत नव्हतं, तरी दादांना "कमी चाललेली गाडी" असंच हवं होतं. आम्ही ती लिहिली नाही. साठ रुपये गेले. ती त्यांनी स्वतःच लिहिली.

फोटोचं एकच सांगते. आरसीचा आणि चासी नंबरचा फोटो ग्रुपवर कधीही टाकायचा नाही. त्या कागदांवर आधीच्या मालकाचं नाव-गाव असतं आणि तो बिचारा आपल्या ग्रुपमध्येही नसतो. बघायला येईल त्याला कागद हातात दाखवावेत.

आणि आठवड्याच्या शेवटची कटकट. गाडी विकली जाते, पण मेसेज फिरत राहतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, आणि पुढे फॉरवर्ड झालेला तर आपल्या हातातच नसतो. म्हणून प्रत्येक गाडीला क्रमांक द्यायचा, खाली लिहिल्याची तारीख घालायची, आणि शनिवारी एकच छोटा मेसेज टाकायचा: "क्र. ३, ७ आणि ११ गेल्या. क्र. ५ची किंमत दहा हजारांनी कमी." फेसबुकवरची जुनी पोस्ट मात्र उघडून वर "विकली गेली" असं लिहिता येतं, ते त्याच दिवशी करायचं. आम्ही एकदा विसरलो होतो. अडीच महिन्यांनी एक आजोबा क्र. ४ बघायला आले, मुलाने फोनवर उतरवलेला कागद खिशात घेऊन. दादांनी त्यांना चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं. त्या दिवसापासून विकलेल्या गाड्यांची वही आमच्याकडे असते, आणि शनिवारी पाच वाजता ती उघडल्याशिवाय आम्ही घरी जात नाही.