लॅग नेमका कुठे? भंडाऱ्यात हॉटस्पॉटवर गेम खेळताना आधी हे तपासा

रात्रीचे नऊ. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या एखाद्या गावात घरातल्या फोनचे हॉटस्पॉट सुरू करून मुलगा लॅपटॉपवर खेळायला बसतो. पहिली दहा मिनिटे सगळे सुरळीत. मग समोरचा खेळाडू जागच्या जागी गोठतो, दोन सेकंदांनी भलतीकडेच दिसतो आणि तोवर याचा गेम संपलेला असतो. दोष लगेच ‘नेटवर्क’वर जातो. कधी तो खरा असतो, पण बरेचदा चूक घरातच सापडते.

आधी एक गैरसमज दूर करू. सर्व्हर मुंबईत आणि आपण भंडाऱ्यात, म्हणून लॅग येतो असे अनेकांना वाटते. रस्त्याने हे अंतर साधारण ९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या लांबीच्या फायबरवर जाऊन-येऊन जेमतेम ९ ते १० मिलिसेकंद लागतात. वाटेतली यंत्रे त्यात थोडी भर घालतात. पण पिंग ३०० वर उडत असेल, तर त्याचे कारण सहसा मुंबईच्या वाटेवर नसते. ते पहिल्या काही मीटरांत किंवा पहिल्या काही किलोमीटरांत असते.

दोन टप्पे वेगळे करा

हॉटस्पॉटवर खेळताना सिग्नल दोन हवाई टप्पे ओलांडतो. पहिला लॅपटॉप ते फोन, म्हणजे वायफाय. दुसरा फोन ते टॉवर. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे कळल्याशिवाय केलेले उपाय अंधारात दगड मारण्यासारखे. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे पाच मिनिटांत कळते:

```
ipconfig
ping -n 50 192.168.43.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिल्या ओळीने `Default Gateway` समोर एक पत्ता दिसेल. तो तुमच्या फोनचा. दुसऱ्या ओळीतल्या पत्त्याच्या जागी तोच टाका, कारण प्रत्येक फोनचा पत्ता वेगळा असू शकतो. फोनचा पिंग दहाच्या आत आणि स्थिर, पण बाहेरचा उड्या मारतोय, तर अडचण टॉवरच्या बाजूला. फोनचाच पिंग मध्येच ८०-१०० वर जात असेल, तर वायफाय गडबडले आहे. लॅपटॉप नसेल तर सोपी चाचणी अशी: ज्या फोनमध्ये सिम आहे, त्याच फोनवर थोडा वेळ खेळून पाहा. लॅग गेला, तर दोष हॉटस्पॉटच्या टप्प्यात.

वायफायचा टप्पा दुरुस्त करणे सोपे. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात. २.४ वर ब्लूटूथ इअरफोनही चालतात आणि शेजाऱ्यांचे राउटरही, त्यामुळे भंडारा, तुमसरसारख्या शहरी वस्तीत तिथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो, मात्र जाड भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. एकाच खोलीत असाल तर ५ निवडा. याहून चांगला उपाय म्हणजे चार्जिंगची डेटा केबल लावून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करणे. मग हा टप्पा हवेतून जातच नाही.

दांड्या नव्हे, आकडा पाहा

टॉवरच्या बाजूचा दोष मोजायला फोनवरच्या दांड्या फारशा कामाच्या नाहीत. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे सिग्नल उणे आकड्यात, dBm मध्ये दिसतो. ४जीवर -९० च्या आसपास चांगला, -१०० ते -११० कामचलाऊ, -११५ च्या खाली कठीण. दहाचा फरक म्हणजे दहापट ताकद. त्यामुळे -११२ वरून -९८ वर येणे किरकोळ नाही, ती सुमारे २५ पट वाढ आहे.

समजा, घर जुन्या पद्धतीचे आहे, जाड भिंतींचे, वर टिनाचे पत्रे. फोन मधल्या खोलीत फळीवर ठेवला तर आकडा -११२. पत्रा सिग्नल परतवतो, भिंती उरलासुरला शोषतात. आता तोच फोन ओसरीत, मग पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवून पाहा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा, कारण आकडा लगेच बदलत नाही. एका खिडकीत -९८ मिळाला, तर तीच फोनची जागा. खेळणाऱ्याने तिथे बसायची गरज नाही, फोन तिथे राहिला म्हणजे झाले. टॉवर कुठल्या दिशेला आहे हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर पाहता येते. मे महिन्यात एक काळजी घ्या. उन्हाच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला फोन तापतो, स्वतःचा वेग कमी करतो, कधी हॉटस्पॉटच बंद पाडतो. ती जागा सावलीची हवी.

टॉवरचा बँड आणि रात्रीची गर्दी

मोबाइल कंपन्या एकाच टॉवरवरून अनेक बँड चालवतात. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ दूर जातो, भिंत भेदतो, पण त्यात जागा कमी. २३०० मध्ये जागा भरपूर, पण घरात पोहोचता पोहोचता तो थकतो. बँड कोणता घ्यायचा हे बहुतेक फोन आपल्याला ठरवू देत नाहीत. खिडकीतल्या फोनला वरचा बँड मिळण्याची शक्यता वाढते, हाही जागा बदलण्याचा फायदा.

आपल्या हातात आहे ते ४जी की ५जी. गावाच्या कडेला ५जी अर्धवट मिळत असेल तर फोन सतत दोन्हींमध्ये ये-जा करतो आणि प्रत्येक अदलाबदलीला पिंग उसळतो. अशा वेळी नेटवर्क सेटिंगमध्ये ४जी ठेवून खेळणे बरे. डाउनलोडचा वेग कमी दिसेल, पण खेळाला वेग नव्हे, सातत्य लागते.

आकडा चांगला, पहाटे पिंग ६० आणि रात्री नऊला २५०, असे असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्यावर घरात उपाय नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम त्याच खिडकीत त्याच वेळी तपासून पाहावे, एवढेच.

डेटा खेळ खात नाही

रोजचा दोन जीबी संपला की गेमला दोष मिळतो. प्रत्यक्षात मोबाइलवरचे नेमबाजीचे खेळ तासाला साधारण ४० ते ८० एमबी घेतात. खरा खादाड लॅपटॉप. त्याला हॉटस्पॉट म्हणजे घरचे वायफाय वाटते आणि तो गुपचूप विंडोज अपडेट उतरवत बसतो. त्या हॉटस्पॉटच्या वायफाय सेटिंगमध्ये `Metered connection` सुरू केले की बहुतेक अपडेट थांबतात. फोनमधला फोटोंचा बॅकअपही खेळताना बंद ठेवा. फोटो वर चढत असताना खेळाची छोटी पाकिटे त्यांच्या मागे रांगेत अडकतात.

मर्यादा संपली की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएस होतो. हिशेब करा: हे सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे तासाला जेमतेम २९ एमबी. तासाला ६० एमबी मागणारा खेळ त्यात बसूच शकत नाही. सगळेच एकदम मंदावले, साधा मेसेजही अडला, तर फोनची जागा बदलण्याआधी शिल्लक डेटा पाहा.

अमर्याद ५जीच्या प्लॅनमध्येही फोन ४जीवर आला की रोजची मर्यादा लागू होते. म्हणून गेमचे मोठे अपडेट दिवसा, ५जी मिळत असलेल्या ठिकाणी उतरवून घ्यावेत. रात्री ४जीवर खेळताना मग तासाला ६० एमबीच जातात.