पाच ठिकाणांची अडलेली फेरी

ठरलेल्या सगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन जिथून निघालो तिथेच परत यायचे, आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवायचे, हा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न. टू-ऑप्ट ही त्यावरची सर्वांत साधी सुधारपद्धत. ती फेरी शून्यातून तयार करत नाही. कशीबशी बांधलेली एक फेरी हाती घेते, तिच्यातले दोन टप्पे तोडते आणि सुटलेली टोके दुसऱ्या तऱ्हेने जोडते. नवी फेरी लहान झाली तर ती ठेवायची, नाही तर पुढची जोडी तपासायची. एकाही जोडीने फायदा होईना, की थांबायचे. जी. ए. क्रोस यांनी १९५८ साली ही कल्पना मांडली आणि आजही मार्ग आखणाऱ्या अनेक प्रणालींमध्ये ती कुठे ना कुठे असतेच.

एक आयत घ्यावा, ८ किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर रुंद. खालच्या बाजूला डावीकडे क, उजवीकडे ख. वरच्या बाजूला ख च्या डोक्यावर ग आणि क च्या डोक्यावर घ. अंतरे सरळ रेषेतली. कुणी क-ग-ख-घ-क अशी फेरी आखली, तर तिच्यात १० किलोमीटरचे दोन कर्ण एकमेकांना छेदतात आणि एकूण ३२ किलोमीटर होतात. टू-ऑप्ट हे दोन कर्ण तोडते आणि त्यांच्या जागी क-ख व ग-घ जोडते. फेरी २८ वर येते. प्रत्यक्षात झाले एवढेच, की मधला ‘ग-ख’ हा तुकडा उलटा चालला गेला. संगणकातही हेच करतात: यादीतला एक सलग तुकडा उलटवतात. एकमेकांना छेदणारे टप्पे असे सोडवले की सपाटीवर अंतर नेहमी घटतेच, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते. म्हणून टू-ऑप्ट जिथे थांबते त्या फेरीत छेद उरत नाहीत.

छेद नसलेली फेरी दिसायला नीटनेटकी असते, पण तेवढ्याने ती सर्वांत लहान ठरत नाही. हे पाहायला त्याच आयतात पाचवे ठिकाण पुरते. म हे डाव्या-उजव्या बाजूंच्या बरोबर मध्ये आहे, पण खालच्या बाजूपासून ४ आणि वरच्या बाजूपासून २ किलोमीटरवर. क आणि ख पासून ते ५.६६ किलोमीटर, तर ग आणि घ पासून ४.४७ किलोमीटर. हाती असलेली फेरी क-म-ख-ग-घ-क, म्हणजे सुमारे ३१.३ किलोमीटर.

पाच ठिकाणांच्या फेरीत एकमेकांना न लागून असलेल्या टप्प्यांच्या पाचच जोड्या निघतात, त्यामुळे सगळ्या हाताने तपासता येतात. क-म आणि ख-ग तोडले तर ११.६६ किलोमीटर वाचतात, पण जोडाव्या लागणाऱ्या क-ख आणि म-ग यांचे १२.४७ होतात. तोटाच. म-ख आणि घ-क यांचा हिशेब आरशातल्यासारखा तोच. क-म आणि ग-घ तोडून क-ग व म-घ जोडले तर १३.६६ च्या जागी १४.४७, म-ख आणि ग-घ यांचेही तसेच. उरलेली जोडी ख-ग आणि घ-क ही. ती तोडली तर १२ किलोमीटरच्या जागी दोन कर्ण येतात, म्हणजे २०. पाचही वाटा बंद. टू-ऑप्टच्या दृष्टीने काम संपले.

आणि तरीही क-ख-ग-म-घ-क ही फेरी २८.९ किलोमीटरचीच आहे, जवळपास अडीच किलोमीटरने लहान. म वरच्या बाजूजवळ असल्यामुळे त्याला ग आणि घ यांच्या मध्ये घ्यायला हवे, हे नकाशा पाहणाऱ्याला क्षणात कळते. टू-ऑप्टला मात्र एका वेळी दोनच टप्पे बदलता येतात, आणि म ला खालून वर न्यायचे तर तीन बदलावे लागतात: क-म, म-ख आणि ग-घ. हाच बदल दोन पावलांत करता येतो, पण मधल्या मुक्कामाची फेरी क-ख-म-ग-घ-क ही ३२.१ किलोमीटरची. पहिल्या पावलाला ०.८ चा तोटा, दुसऱ्याला ३.२ चा फायदा. पुढचे ३.२ पदरात पडणार हे पद्धतीला ठाऊक नसते. ती प्रत्येक पावलाचा रोखठोक हिशेब मागते आणि पहिल्याच पावलाला नकार देते. अशा जागेला ‘लोकल ऑप्टिमम’ म्हणतात: आसपासच्या, म्हणजे एका बदलाच्या अंतरावरच्या, सगळ्या फेऱ्यांपेक्षा चांगली, पण सर्वांत चांगली नव्हे. ‘आसपास’ म्हणजे काय हे नकाशा ठरवत नाही, कोणता बदल करायला परवानगी आहे यावर ते ठरते. पाच ठिकाणांच्या एकूण फेऱ्या बाराच. अडलेल्या फेरीवरून त्यांतल्या पाचच दिसतात, आणि उत्तम फेरी न दिसणाऱ्या सहांत आहे.

अडकायचे की नाही हे पुष्कळदा क्रमावरही ठरते. क पासून निघून दर वेळी सर्वांत जवळचे न पाहिलेले ठिकाण गाठत गेले, तर आधी म येतो. तिथून ग आणि घ सारख्याच अंतरावर. घ निवडला तर क-म-घ-ग-ख-क ही ३२.१ किलोमीटरची फेरी बनते. इथे फायद्याचे दोन बदल शिल्लक आहेत. एक ३.२ वाचवून थेट उत्तम फेरीवर नेतो, दुसरा ०.८ वाचवून वरच्या सापळ्यात. जो आधी हाती लागेल तो घ्यायचा असा नियम असेल, तर जोड्या कोणत्या क्रमाने तपासल्या यावर निकाल लागतो. सगळ्या जोड्या तपासून सर्वांत मोठा फायदा घेतला तर या उदाहरणात निभावते. सर्वसाधारणपणे तीही हमी नाही, आणि १००० ठिकाणांना दर फेरतपासणीत ४,९८,५०० जोड्या पाहाव्या लागतात.

अडकल्याचे कळते कसे? एकाही जोडीत फायदा उरला नाही म्हणजे पद्धत थांबली, एवढेच कळते. वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवून वेगवेगळ्या लांबीचे शेवट मिळाले, तर सर्वांत लहान सोडून बाकीचे नक्कीच अडकलेले. त्या लहानाबद्दल मात्र यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी ‘यापेक्षा लहान फेरी असूच शकत नाही’ अशी खालची मर्यादा वेगळ्या गणिताने काढावी लागते. विखुरलेल्या ठिकाणांवर चांगल्या सुरुवातीनंतर टू-ऑप्ट अशा मर्यादेच्या वर सुमारे ५ टक्क्यांवर थांबते. एवढ्या साध्या युक्तीसाठी हे वाईट नाही.

सुटकेचा एक मार्ग म्हणजे ‘आसपास’ मोठे करणे. शेन लिन यांनी १९६५ मध्ये तीन टप्पे एकदम बदलणारी थ्री-ऑप्ट पद्धत वापरली. ती म ला एका पावलात वर नेते. तिचे स्वतःचे सापळे असतात, फक्त कमी, आणि तपासायच्या त्रिकुटांची संख्या फार वाढते. दुसरा मार्ग तोटा कधीमधी पत्करण्याचा. १९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेची यांनी मांडलेल्या ‘सिम्युलेटेड ॲनिलिंग’मध्ये ‘तापमान’ नावाचा एक आकडा असतो. तो १ असताना ०.८ चा तोटा शंभरांत सुमारे ४४ वेळा स्वीकारला जातो, ०.१ वर आला की दहा हजारांत जेमतेम तीन वेळा. तापमान हळूहळू उतरवले तर म ला वर जायची संधी मिळते. घाईने उतरवले, तर फेरी पुन्हा ३१.३ वर अडू शकते.